डावी रांग

मी टॅरोचे पत्ते वाचायचे असं सांगितलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. पहिला, "खरं असतं का हो ते?" आणि त्याचं उत्तर यायच्या आत दुसरा, "माझं बघाल का?" गेल्या वर्षीपर्यंत मी दुसऱ्याला "या की" म्हणायचे आणि पहिल्याला नुसती हसायचे. आता मी पत्ते बघत नाही. का बघत नाही, ते संपादकांनी लिहून मागितलं, तेव्हा आधी नको म्हणाले, मग म्हटलं लिहावं. कोणाला तरी सांगायला हवंच होतं.

मी एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क होते. पंचेचाळिशीत नोकरी सोडली आणि इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये बाहेरच्या खोलीत टेबल टाकून बसले. माझे दीर पंचवटीत यजमानांची पूजा सांगतात. ते म्हणाले, "वहिनी, आमच्या पोथीला तुमच्या पत्त्यांची सवत कशाला?" सासूबाई तेव्हा होत्या. त्यांनी तोडगा काढला: पत्ते देवघराच्या खालच्या फळीवर ठेवायचे, म्हणजे जुगार वाटणार नाही. पत्ते तिथे गेले आणि घरातली कुरकुर थांबली. त्या फळीने पुढे काय करून ठेवलं ते येईलच.

माझ्याकडे सगळ्यात जास्त मागणी होती ती सात पत्त्यांच्या मांडणीला. दोन माणसांचं जमेल का, हे बघायची मांडणी. लग्न ठरवणारे यायचे, तसे भागीदारीत वर्कशॉप टाकणारेही यायचे. ही मांडणी कशी असते ते सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे.

टॅरोचे अठ्ठ्याहत्तर पत्ते. त्यातले बावीस मोठे, म्हणजे आयुष्यातल्या मोठ्या गोष्टींचे. उरलेले छप्पन्न चार रंगांत: पेले, तलवारी, काठ्या आणि नाणी. पेले म्हणजे माया-भावना, तलवारी म्हणजे विचार आणि बोलणं, काठ्या म्हणजे उमेद, नाणी म्हणजे घरदार, कामधंदा, हाताला लागतं ते. ज्याचा प्रश्न आहे त्याने पत्ते पिसायचे, डाव्या हाताने तीन गड्ड्या करायच्या आणि पुन्हा एकावर एक ठेवायच्या. मग मी वरून सात पत्ते घेते. विचारणाऱ्याचे तीन डावीकडे, एकाखाली एक. समोरच्या माणसाचे तीन उजवीकडे. वरची जोडी अपेक्षांची, म्हणजे या नात्याकडून कोणाला काय हवंय. मधली जोडी मूल्यांची, कोण कशाला किंमत देतं. खालची जोडी बोलण्याच्या सवयीची. सातवा पत्ता दोन रांगांच्या मधोमध, दोघांनी मिळून काय सांभाळायला हवं ते सांगणारा.

नवीन माणूस एक रांग वाचतो, मग दुसरी. तसं करायचं नाही. आडवं वाचायचं, जोडी-जोडीने. एकाचा पेला आणि दुसऱ्याची तलवार आली, तर एक जण मनातलं सांगतोय आणि दुसरा त्यात चूक काढतोय. दोघांची नाणी आली तर निदान भाषा एक आहे. पत्ता उलटतानाही पुस्तकाचं पान उलटतो तसा बाजूने उलटायचा. खालून वर उलटला तर सुलटा पत्ता उलटा होऊन बसतो आणि अर्थ फिरतो. आणि सातवा पत्ता हा निकाल नव्हे. हे मी प्रत्येकाला सांगायचे आणि प्रत्येक जण मान डोलावून सातव्याकडेच बघत बसायचा.

एकदा सिडकोतले एक निवृत्त मास्तर बायकोला घेऊन आले. "चाळीस वर्षं झाली, आता जुळतंय का बघू," म्हणाले. दोघं हजर असले की दोघांनी अर्धे-अर्धे पिसायचे. बोलण्याच्या जोडीत बाईंना आठ काठ्या आल्या, सरसर सुटलेले निरोपच ते, आणि मास्तरांना आला एकांतातला साधू, हातात कंदील घेऊन डोंगराच्या टोकावर एकटा उभा. बाई चित्र बघून म्हणाल्या, "अगदी हेच! मी बोलायला लागले की हे कंदील घेऊन वर." मास्तर हसले नाहीत. म्हणाले, "वरून ऐकू येतं गं मला." बाईंनी तो पत्ता उचलून जवळून बघितला. त्या दिवशी मला माझ्या कामाचा फार अभिमान वाटला. खोटं कशाला बोलू?

समोरचं माणूस हजर नसेल तर मात्र एक पथ्य आहे. उजवी रांग मग त्याची नसते. पिसणाऱ्याला तो माणूस जसा दिसतो तसा तो त्या रांगेत येतो. म्हणजे पत्ते कोणी पिसले यावर सगळं अवलंबून. डावी रांग पिसणाऱ्याचीच. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या बायकांना मी हे पहिल्या दिवशी शिकवायचे.

आणि हेच मी मोडलं.

वर्षाताई माझ्याकडे आल्या त्या मुलीला घेऊन. त्यांचे यजमान सरकारी खात्यात, अबोल, बदलीच्या गावी राहणारे. मुलगी स्नेहल, पंचवीस-सव्वीसची, अंबडच्या एका कारखान्यात मालाची तपासणी करायच्या विभागात होती. स्थळ घोटीचं होतं. भाताची गिरणी, स्वतःचं दुमजली घर, एकुलता एक मुलगा, निखिल नाव. पत्रिका जुळली होती. रविवारी ते लोक सुपारी फोडायला येणार होते, आणि वर्षाताईंना त्याआधी "दोघांचे स्वभाव" बघून हवे होते.

मी गड्डी देवघरातून आणून टेबलावर ठेवली आणि स्नेहलपुढे सरकवली. ती पुढे झालीच नाही. दाराजवळच्या खुर्चीवर बसून राहिली.

"तिची अडचण आहे," वर्षाताई हळूच म्हणाल्या. "देवघरातली वस्तू ना ती, हात कसा लावेल? मी पिसते."

मी म्हणू शकले असते की चार दिवसांनी या. म्हणू शकले असते की पत्त्यांना विटाळ नसतो. खरं तर सुरुवातीच्या वर्षांत माझीही पाळी असायची आणि मी सासूबाईंना न सांगता त्याच फळीवरून पत्ते काढून दुपारभर लोकांचं वाचायचे. काही कोसळलं नव्हतं. पण हे चारचौघांत कबूल करायची माझ्यात धमक नव्हती. रविवार तोंडावर होता, आणि बाई घाईत होत्या. मी म्हटलं, "बरं, मनात तिचंच नाव धरा."

मनात नाव धरून माणूस बदलत नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

वर्षाताईंनी सुंदर पिसले. डाव्या हाताने तीन गड्ड्या केल्या. मी मांडले. अपेक्षांच्या जोडीत डावीकडे दहा नाणी: कमानीखाली भरलेलं घर, म्हातारा, लेकरं, पायाशी कुत्री, तीन पिढ्या एका चित्रात. उजवीकडे चार काठ्या, तोरण लावलेली, गृहप्रवेशच जणू. मूल्यांत डावीकडे धर्मगुरू, रीतीभातीला धरून असणारा. उजवीकडे नाण्यांचा राजा, घट्ट पाय रोवून बसलेला. बोलण्यात डावीकडे तलवारींची राणी आणि उजवीकडे पेल्यांचा राजा, शांत, मनातलं मनात ठेवणारा. मध्यभागी टेंपरन्सचा, म्हणजे संयमाचा पत्ता: देवदूत एका पेल्यातून दुसऱ्यात पाणी ओततोय, सांडू न देता.

इतकी देखणी मांडणी मी क्वचितच बघितली होती. वरच्या दोन जोड्या तर एकमेकींसाठीच काढल्यासारख्या. मी भराभर वाचत गेले आणि तलवारींच्या राणीपाशी अडखळले.

कारण ही राणी तोंडावर बोलणारी बाई आहे. तलवार सरळ उभी धरते, हात पुढे करते, वाटतं ते बोलून मोकळी होते. आणि ज्या मुलीची म्हणून मी ती वाचत होते तिने आल्यापासून एक शब्द काढला नव्हता. पत्ता आणि माणूस असे उघडउघड विसंगत आले की वाचणाऱ्याने थांबायचं असतं. पिसलं कोणी, प्रश्न कोणाचा, हे तपासायचं असतं. मी काय केलं? मी म्हणाले, "आतून स्पष्टवक्ती आहे तुमची लेक. लग्नानंतर खुलेल." वर्षाताई खूश झाल्या. "माझ्यावर गेलीय," म्हणाल्या. इतकं स्वच्छ सांगितलं हो त्यांनी, तरी मला कळलं नाही.

"आणि मधला?"

"दोघांनी मिळून तोल सांभाळायचा," मी म्हणाले.

"म्हणजे जुळवून घ्यायचं. ते तर आलंच." त्यांनी दाराकडे बघून विचारलं, "ऐकलंस ना गं?"

स्नेहलने मान हलवली. रविवारी सुपारी फुटली. लग्नाला मी गेले होते, जेवून आले.

दीड वर्षानंतर एका दुपारी दारावरची बेल वाजली. स्नेहल एकटी होती, खांद्याला पर्स, एसटीच्या प्रवासाने केस विस्कटलेले. पाणी प्यायली आणि म्हणाली, "काकू, त्या दिवशी तुम्ही माझं वाचलंच नव्हतं ना?"

मी काय बोलणार? नाही म्हणाले. म्हणजे, वाचलं नव्हतं असंच म्हणाले.

तिला सासरी कोणी मारलं नव्हतं, उपाशी ठेवलं नव्हतं. ते असतं तर आईला सांगता आलं असतं, असं तीच म्हणाली. सुरुवातीला ती घोटीहून अंबडला जाऊन-येऊन करत होती, हायवेने फार लांब नाही. चौथ्या महिन्यात सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तिने थोड्या दिवसांसाठी म्हणून नोकरी सोडली. ते थोडे दिवस संपलेच नाहीत. सासू प्रेमाने सांगायची, "लय गुणाची हाय माझी सून. येवढ्या लांब कामाला कशाला जायचं? हितं काय कमी हे?" नवऱ्याला विचारलं तर तो काहीच म्हणायचा नाही. ना हो, ना नाही. ताटावरून उठायचा आणि गिरणीत जायचा.

"मी एकदा मोजलं," ती म्हणाली. "अकरा दिवस मी आपणहून बोलले नाही. बघू म्हटलं कोणाच्या लक्षात येतंय का."

"मग?"

"कोणाच्याच नाही."

तिच्या जुन्या साहेबांचा फोन आला होता. विभागात एक जागा रिकामी होत होती. महिनाअखेरपर्यंत ते थांबणार होते. तिला माहेरी राहून ती नोकरी धरायची होती. पुढचं पुढे. निखिलला यायचं तर येईल, बोलायचं तर बोलेल. पण माहेरचं दार आईच्या हातात होतं, आणि आई एकच सांगत होती: एवढं छान जुळलेलं, पत्त्यांत सुद्धा आलेलं, तू रमत नाहीस हा तुझा हट्ट.

"मी पिसू का?" तिने विचारलं. "आज काही अडचण नाहीये," असंही म्हणाली, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिने पिसले. बराच वेळ पिसले. अपेक्षांत तिच्या बाजूला आठ नाणी आली: बाकावर बसून एकेक नाणं घडवणारा कारागीर, कामात गढलेला. त्याच्या बाजूला दहा नाणी, मागच्या वेळी जी "तिची" म्हणून मी वाचली होती तीच, आता उजव्या रांगेत. मूल्यांत तिचा तलवारीचा एक्का, सुलटा, म्हणजे खरं ते खरं. त्याचा सम्राट, दगडी सिंहासनावर. बोलण्यात तिच्या आठ तलवारी: डोळे बांधलेली, हात आवळलेली बाई, भोवती तलवारींचं कुंपण. त्याचे चार पेले: झाडाखाली हाताची घडी घालून बसलेला माणूस, समोर कोणी पेला धरलाय तरी वर न बघणारा. आणि मधोमध, जिथे दोघांचं मिळून काहीतरी असायला हवं, तिथे दहा काठ्या. एकच माणूस, पाठीवर सगळा भारा, वाकलेला.

मी सावकाश वाचलं. आडवं, जोडी-जोडीने. काही गोड केलं नाही. सातवा पत्ता निकाल नव्हे, हेही सांगितलं. ती रडली नाही. चार पेल्यांवर बोट ठेवून म्हणाली, "हा वाईट नाहीये ना?"

"नाही," मी म्हणाले. "याला फक्त समोरचा पेला दिसत नाही."

"मग मी किती वेळ धरून उभं राहायचं?"

याचं उत्तर कुठल्याही पत्त्यात नसतं.

"आईला एवढंच सांगा," ती उठताना म्हणाली, "की पहिलं माझं नव्हतं. बाकी मी बघते."

मी वर्षाताईंना फोन करून बोलावलं. दोन दिवसांनी दोघी आल्या. स्नेहल पुन्हा दाराजवळच्याच खुर्चीवर बसली. मी मनाशी शब्द जुळवून ठेवले होते, पण ऐन वेळी नुसतंच बोलून गेले. म्हणाले, चूक माझी आहे. पत्ते तुम्ही पिसले होते, म्हणून ती डावी रांग तुमची होती. भरलेलं घर, रीतभात, तोंडावर बोलणं, हे सगळं तुमचं. निखिलची रांगसुद्धा तो तुमच्या डोळ्यांना दिसला तशी. स्नेहलचा त्यात एकही पत्ता नव्हता. मी ते थांबवायला हवं होतं.

मला वाटलं होतं त्या चिडतील. भांडतील, मला फसवी म्हणतील. मी त्याला तयार होते, किंबहुना मला ते हवंच होतं. पण वर्षाताई शांतपणे ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे पत्ते खरंच बोलले होते?"

"तुमच्यापुरते."

"खरं आहे," त्या म्हणाल्या. "मला अगदी असंच घर हवं होतं, ताई. माणसांनी भरलेलं. आमचे हे बदलीच्या गावी, मी आणि ही, दोन खोल्या, आणि भिंतीशी बोलायचं. सव्वीस वर्षं. मला नाही मिळालं." त्यांचा आवाज चढला. "हिला मिळालंय. आणि ही बाई ते सोडून कारखान्यात नट-बोल्ट तपासायला यायचं म्हणते!"

"आई, ते मला नकोय," स्नेहल म्हणाली.

"तुला काय हवं ते तुला कळतं का? पोटची पोर आहेस तू माझी. मी पिसले काय, तू पिसलेस काय, वेगळं आहे का आपलं?"

मी मध्ये बोलले. वेगळं आहे, म्हणाले. मोठ्याने म्हणाले. शेजारच्या गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या बाईंनी वळून बघितलं. वर्षाताईंनी माझ्याकडे बघितलं ते दयेने. "ताई, तुम्ही मन लावून घेऊ नका," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडून काही चुकलं नाही. आईने मुलीसाठी बघितलं, त्यात काय एवढं?"

माफी मागायला गेलेल्या माणसाला इतक्या सहज माफी मिळाली की त्याच्या हातात दुसरं काही उरत नाही. माझ्या चुकीवर त्या भांडल्या असत्या तर स्नेहलचं काम झालं असतं. त्यांनी चूकच मानली नाही.

"चल, मी येते तुला घोटीपर्यंत सोडायला," त्या मुलीला म्हणाल्या. "विहीणबाईंना भेटणंही होईल."

स्नेहल उठली. चपला घालताना तिने एकदा माझ्याकडे बघितलं. मी तिला म्हणायला हवं होतं, इथे राहा, माझ्या घरात एक खोली रिकामी आहे, महिनाअखेरीला कामावर जा. पण दुसऱ्याच्या लेकीला आईच्या देखत असं कसं म्हणायचं, लोक काय म्हणतील, दीर काय म्हणतील, हे सगळं त्या क्षणात माझ्या डोक्यात फिरून गेलं. दार लोटून घेतलं तेव्हा गॅलरीतून दोघी रिक्षात बसताना दिसल्या. आईने लेकीची पर्स आपल्या मांडीवर घेतली होती, प्रेमाने.

महिना संपला. त्या जागेवर दुसरं कोणी आलं असणार. मी स्नेहलला दोनदा फोन केला. पहिल्या वेळी तिने कापला, दुसऱ्या वेळी तिच्या सासूबाईंनी उचलला आणि "भात लावणीची गडबड हाय" असं सांगून गोड बोलून ठेवला.

मग साधारण दोन महिन्यांनी वर्षाताईंचाच फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "ताई, तुम्हाला मुद्दाम सांगायला केला," त्या म्हणाल्या. "तुम्ही उगाच काळजी करत होता. स्नेहल रमली हो आता. मी चार दिवस राहून आले ना तिच्याकडे. एक तक्रार नाही पोरीची. पूर्वी कशी सारखं नोकरी-नोकरी करायची? आता काही बोलतच नाही."

वीस वर्षं मी लोकांना तिसरी जोडी वाचून दाखवत होते. कोण बोलतं, कोण गप्प राहतं आणि त्या गप्प राहण्याचा अर्थ काय, हे सांगायचे मला पैसे मिळायचे. आणि त्या दिवशी, फोन कानाला धरून, मी वर्षाताईंना म्हणाले, "बरं झालं."